बाविसाव्या मिनिटाला बंद पडणारा प्रोजेक्टर

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जालना जिल्ह्यातल्या एका शाळेतून फोन आला. मुख्याध्यापक घाईत होते. "प्रोजेक्टर चालू तासात बंद पडतोय. शनिवारी पालकसभा आहे. तेवढं येऊन बघून जाता का?"

मी चौदा वर्षं प्रोजेक्टर दुरुस्त करतोय. मार्च ते मे या काळातले निम्मे फोन असेच असतात. संभाजीनगरहून सकाळी निघालो. बॅगेत ब्लोअर, मऊ ब्रश, हवेचं तापमान मोजायचं यंत्र आणि लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं मीटर, एवढंच होतं.

वर्गात विज्ञानाच्या मॅडम वही घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, स्टॉक रजिस्टरवर सही हवी असेल. पण वहीत तारखा आणि मिनिटं होती. जानेवारीत एक ओळ होती : "पंख्याचा आवाज फार, मागच्या बाकांना माझं बोलणं ऐकू येत नाही." फेब्रुवारीच्या सुरुवातीला : "50 मिनिटांनी बंद." शेवटी : "41". मार्चमध्ये सकाळचा तास 34, दुपारचा 22. इतक्या वर्षांत मला कुणी असं काही लिहून दिलं नव्हतं. ती वही वाचली आणि निम्मं निदान तिथेच झालं. मिनिटं एका रात्रीत नाही, हळूहळू कमी होत गेली होती, आणि दुपारी जास्त. सुटा भाग जळतो तेव्हा असं होत नाही. हवेची वाट बुजत जाते तेव्हा होतं.

"मॅडम, आवाज कसा येतो? घरघर, की नुसती हवेची सूं सूं?"

"सूं सूं. आधी बारीक असते, मग वाढत जाते. शेवटी तर मिक्सर लावल्यासारखी."

हा फरक महत्त्वाचा आहे. घरघर, खरखर किंवा चिवचिव येत असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलेलं असतं आणि तो पंखाच बदलावा लागतो. नुसती हवेची सूं सूं चढत जात असेल तर पंखा ठणठणीत आहे, त्याला काम जास्त पडतंय. या यंत्रातला दिवा 200 वॅटचा होता. त्यातला थोडाच भाग उजेड होऊन पडद्यावर जातो, बाकी सगळी उष्णता. आतला सेन्सर ती मोजतो आणि बोर्ड पंख्याचा वेग वाढवतो. तेवढ्यानेही भागलं नाही की पडद्यावर तापमानाची सूचना येते, 'टेम्प'चा दिवा लुकलुकतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी दिवा विझवतं. जानेवारीतला आवाज हीच पहिली सूचना होती.

एक शक्यता आधीच काढून टाकली. मेनूत उंच ठिकाणांसाठी एक पर्याय असतो. साधारण 1500 मीटरच्या वर हवा विरळ असते म्हणून त्यात पंखा मुद्दाम जोरात फिरतो. रिमोटशी खेळताना तो चुकून चालू झाला, तर थंड यंत्रसुद्धा पहिल्या मिनिटापासून ओरडतं आणि लोक विनाकारण पंखा बदलून घेतात. जालना पाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथे त्याची गरज नाही. पर्याय बंदच होता.

मग शिडी लावली. प्रोजेक्टर छताला होता, आणि त्याच्याभोवती प्लायवूडची पेटी. पुढे लेन्सपुरतं भोक, खाली कुलूप लावलेलं झाकण. शेजारच्या गावातल्या शाळेत चोरी झाली, तेव्हा सुताराकडून करून घेतलेली. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं, पण तिचा विचार केला नाही.

फिल्टर बाहेर काढला तो हातात जाडजूड घोंगडीच्या तुकड्यासारखा आला. पाच वर्षांची खडूची भुकटी, पंख्याच्या पात्यांवरून उडणारी जळमटं, पारव्याच्या पिसांचे तंतू, सगळं दाबून एक करडा थर झालेला. नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. मॅडमना दाखवला. त्यांनी तो उजेडासमोर धरला, पलीकडचं काहीच दिसेना.

साफ करण्यातही चूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यंत्र बंद करून, प्लग काढून, पाऊण तास थंड होऊ द्यायचं. फिल्टर सावकाश खाली ओढायचा, नाहीतर धूळ आत पडते. फिल्टर जागेवर असताना ब्लोअर कधीच मारायचा नाही, त्याने धूळ थेट आतल्या, चित्र तयार करणाऱ्या काचपट्ट्यांपर्यंत पोचते. बाहेर नेऊन मळलेल्या बाजूने व्हॅक्युम आणि मऊ ब्रश. धुवायचा तर माहितीपत्रकात तशी परवानगी असेल तरच, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. कागदासारखा घडीचा फिल्टर पाण्यात घातला की संपला. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. हा फिल्टर साफ होण्यापलीकडे गेला होता, मी नवा बसवला.

चालू केला. आवाज उतरला. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून मला निघावंसं वाटलं. पण त्यांच्या वहीतला दुपारचा 22चा आकडा डोक्यात होता. म्हटलं, दुपार होऊ द्या. एक वाजता पुन्हा लावला आणि बाकावर बसून राहिलो. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला तीच सूचना आली.

फिल्टर नवा, पंखे चांगले, तरी ताप कसा? मापनयंत्राची तार पेटीच्या फटीतून आत घातली आणि हवा आत ओढणाऱ्या जाळीशी टेकवली. वर्गात 33 अंश. पेटीत, जाळीपाशी, अर्ध्या तासात 46. या मॉडेलसाठी कंपनीने 35 अंशांपर्यंतच हवा चालेल असं लिहिलं आहे. यंत्र एका बाजूने गरम हवा फेकत होतं, ती पेटीत कोंडत होती आणि दुसऱ्या बाजूने तीच परत आत ओढली जात होती. सकाळी मी जिच्याकडे दुर्लक्ष केलं, ती पेटीच होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिथे थांबलो नसतो तर शनिवारी सभेत यंत्र पुन्हा बंद पडलं असतं.

सुतार गावातलाच, लगेच आला. दोन्ही बाजूंच्या फळ्या कापून लोखंडी जाळी लावली. मधे एक उभी फळी, म्हणजे बाहेर पडलेली हवा वळून आत येऊ नये. कुलूप तसंच ठेवलं, चोरीची भीती खरीच होती. संध्याकाळी पुन्हा मोजलं. वर्ग 32, जाळीपाशी 34. दोन तास सलग चालला, सूचना आली नाही.

आता चित्र. मुख्याध्यापक म्हणाले, "चित्र फिकट झालंय, पडदे ओढले तरी दिसत नाही. पण दिवा तर मागच्या वर्षी बदललाय."

मेनूत दिव्याचे तास पाहिले : 410. एवढ्यात दिवा इतका उतरत नाही. दारं-खिडक्या बंद करून पडदा पूर्ण पांढरा केला आणि लक्समीटरने नऊ ठिकाणी उजेड मोजला. चित्र 2.4 मीटर रुंद, 1.8 मीटर उंच. नव्या 3000 ल्युमेनच्या प्रोजेक्टरने या मापाच्या पडद्यावर सरासरी सातशेच्या आसपास लक्स मिळायला हवेत. सकाळी, साफ करायच्या आधी, 190 होते. लेन्स पुसून, धूळ काढून 225. म्हणजे धुळीचा वाटा थोडा, बाकी दोष दिव्याचाच.

दिवा काढला. त्याच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचं वर्ष प्रोजेक्टरच्या खरेदीचंच होतं. बल्बच्या मध्यभागी काच काळवंडलेली, दुधाळ झालेली. दिवा कधी बदललाच नव्हता. 'दिवा बदला' ही सूचना आली तेव्हा कुणीतरी मेनूतला तासांचा काटा शून्यावर नेला, सूचना गेली आणि बिल झालं. शाळेने ज्याच्याकडे काम दिलं त्याचं नाव मी विचारलं नाही. पण हे वाचणाऱ्या प्रत्येक शाळेला सांगतो : दिवा बदलला की जुना परत मागा आणि नव्याचा फोटो रजिस्टरला लावा. मॅडमनी हिशेब केला. दिवसाला चार तास, वर्षाला 220 दिवस, पाच वर्षं. 4400 तास. या दिव्याचं आयुष्य पूर्ण उजेडात 4000 तास दिलं आहे, आणि आयुष्य संपलं म्हणजे उजेड निम्म्यावर आला असंच त्यात गृहीत असतं. त्यापुढे रेटला तर तो फुटूही शकतो. आत पारा असतो, म्हणून फुटल्यास खिडक्या उघडून मुलांना बाहेर न्यायचं. जुना दिवा कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचऱ्यात द्यायचा.

नवा बसवताना काचेला बोट लागू दिलं नाही, त्वचेचं तेल तापून डाग पडतो. मग तासांचा काटा शून्यावर, या वेळी खरा. मोजलं : 590. सातशे परत येत नाहीत, आतल्या काचपट्ट्याही पाच वर्षं तापलेल्या होत्या.

पांढऱ्या पडद्यावर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक पिवळसर डाग उरला. मी आधी धूळ समजलो. पण फोकस पुढेमागे केल्यावरही तो सरकेना, विरघळेना. आतल्या ध्रुवक पट्टीचा, म्हणजे प्रकाश एकाच दिशेच्या कंपनांपुरता गाळणाऱ्या पट्टीचा, तेवढा भाग उष्णतेने भाजला होता. पुसून जात नाही, आणि आतला सगळा प्रकाशसंच बदलायचा खर्च त्या यंत्राच्या किमतीला परवडत नाही. जानेवारीत फिल्टर झाडला असता तर हा डाग बहुधा पडला नसता. मॅडमना स्पष्ट सांगितलं. त्या गप्प झाल्या.

निघताना शिपाईमामांना बोलावलं. तास संपला की ते थेट भिंतीवरचं मेन बटण दाबायचे. "मामा, रिमोटने बंद करा आणि प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत बटणाला हात लावू नका. दिवा विझल्यावरही तो तापलेलाच असतो." मामांनी माझ्यासमोर तीनदा करून पाहिलं. पंखा थांबायला दीड मिनिट लागतं. त्यांनी घड्याळ लावून ते नक्की केलं. खडूच्या वर्गात फिल्टर दर महिन्याला झाडायचा, तो दिवस मॅडमनी पहिला शनिवार ठरवला आणि वहीच्या मागच्या पानावर बारा रकाने आखले.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. पालकसभा पार पडली होती, नवीन वर्ग सुरू झाला होता. मी डागाबद्दल विचारलं.

"तसाच आहे. आकृत्या आता थोड्या डावीकडे घेते, नावं त्या कोपऱ्यात येऊ देत नाही."