थोरॅसिक डक्टचं मॉडेल: पाचव्या मणक्यावरचं वळण आणि उजवीकडचा कोपरा

मागच्या नोंदीत कण्याचा मागचा फलक तयार झाला होता. आता त्यावर थोरॅसिक डक्ट चढली आहे, म्हणजे शरीरातली बहुतेक लसिका (ऊतींमधून निथळणारा पाणीदार द्रव) रक्तात नेऊन सोडणारी मुख्य वाहिनी; तिच्या उपवाहिन्याही जोडून झाल्या आहेत आणि शेजारच्या फलकावर उजव्या लसिकावाहिनीचा नकाशा रंगवतोय. वेंगुर्ल्यात पावसाळ्यात शाडूची माती सुकायला फार वेळ घेते, म्हणून मणके पांगाऱ्याच्या लाकडाचे केले. हलके झाले आणि टाचणीही सहज रुतते.

डक्टसाठी मेण लावलेली सुती दोरी घेतली. माणसातली लांबी साधारण ३८ ते ४५ सेंटीमीटर असते, मी ४२ धरली. खालच्या टोकाला जाडी ५ मिलिमीटर, छातीच्या मध्यावर बारीक आणि गळ्याकडे पुन्हा किंचित जाड. आत झडपा असल्यामुळे भरलेली डक्ट मण्यांच्या माळेसारखी दिसते. ते दाखवायला रिळाचा पांढरा दोरा थोड्या थोड्या अंतरावर आवळून बांधला. दोरी गुळगुळीत ठेवली तर लांबून ती सरळ शीर वाटते.

खालून सुरुवात. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर, महाधमनीच्या उजव्या अंगाला सिस्टर्ना कायली ही लांबट पिशवी. तिच्यात उजवी आणि डावी अशा दोन कमरेकडच्या लसिका-खोडांतून पाय, ओटीपोट आणि मूत्रपिंडांकडची लसिका येते. तिसरं खोड आतड्यांकडून येतं आणि जेवणातली चरबी त्याच वाटेनं चढते. स्निग्ध जेवणानंतर या डक्टमधला द्रव दुधासारखा पांढरा होतो, उपाशीपोटी तो जवळजवळ पारदर्शक असतो. सगळ्यांमध्ये ही पिशवी नीट बनलेली नसते, कित्येकांत तिथे नुसत्या वाहिन्यांचं जाळं असतं. मी पिशवीच दाखवली, पण शेजारच्या पट्टीवर जाळ्याचा छोटा तुकडा लावला आहे.

इथून डक्ट महाधमनीच्याच वाटेनं, छातीच्या बाराव्या मणक्याच्या पातळीवर, श्वासपटल ओलांडून छातीत शिरते. वर जाताना तिच्या डाव्या हाताला महाधमनी, उजवीकडे ॲझायगस शीर आणि समोर अन्ननलिका. मागे मणके आहेतच, पण डक्ट आणि मणक्यांच्या मधून उजव्या बरगड्यांकडे जाणाऱ्या धमन्या आडव्या जातात. त्या आधी बसवल्याशिवाय दोरी टाचू नका, नंतर मागून सरकवता येत नाहीत.

मग येतो या कामाचा खरा भाग. छातीच्या पाचव्या मणक्याच्या सुमारास डक्ट मधली रेषा ओलांडून डावीकडे जाते. काही जणांत ती चौथ्यावर वळते, काही जणांत सहाव्यावर, आणि वळते ती तिरकी, हळूहळू. बाजारातल्या बऱ्याच तक्त्यांत ती खालपासून वरपर्यंत डावीकडेच काढलेली दिसते. तक्ता पारखायचा असेल तर आठव्या मणक्यावर बोट ठेवून बघा: तिथे डक्ट महाधमनीच्या उजवीकडे नसेल तर तो तक्ता वापरू नका.

या वळणाचे परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतात. समजा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत नवव्या मणक्याजवळ डक्टला इजा झाली. तिथे ती उजव्या फुप्फुसाच्या आवरणाला लागून आहे, म्हणून द्रव बहुधा छातीच्या उजव्या बाजूला साचतो. तीच इजा तिसऱ्या मणक्याजवळ झाली तर डावीकडे. रुग्ण उपाशी असेपर्यंत छातीत घातलेल्या नळीतून येणारा द्रव साधाच दिसू शकतो, जेवण सुरू झालं की तो पांढुरका होतो आणि मग शंका येते. त्या द्रवात ट्रायग्लिसराइडचं प्रमाण डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो डक्टमधलाच, असं धरतात. डक्टमधून दिवसाला दीड-दोन लिटर किंवा त्याहूनही जास्त द्रव वाहतो, त्यामुळे गळती चालू राहिली तर माणूस झपाट्यानं खंगतो. डक्ट बांधायची वेळ आली तर शल्यविशारद श्वासपटलाच्या जरा वर, उजव्या बाजूनं जातात आणि महाधमनी व ॲझायगस यांच्या मधली सगळी ऊती एकत्र बांधतात. डक्ट दुहेरी असणारी माणसंही असतात, एकच वाहिनी शोधून बांधली तर दुसरी गळत राहते. मॉडेलवर या जागेला मी लाल दोऱ्याचा सैल फास ठेवला आहे.

वळणानंतर डक्ट अन्ननलिकेच्या डाव्या कडेनं गळ्यात चढते, मानेच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर, गळपट्टीच्या हाडाच्या तीन-चार सेंटीमीटर वर, कमान घेते आणि मानेची आतली शीर व हाताकडची शीर मिळतात त्या डाव्या कोनात उतरते. तोंडाशी झडप असते, रक्त उलटं शिरू नये म्हणून. डाव्या मानेचं आणि डाव्या हाताचं खोड इथेच येऊन मिळतं. डाव्या छातीचं खोड मात्र बऱ्याचदा सरळ शिरेत उघडतं, म्हणून ते मी वेगळं टाचलं.

लाकूड कापून देणारे आमचे मेस्त्री हे बघत उभे होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे उजव्या पायाचां पाणी सुद्दा डाव्या मानेत जातां?” होय, आणि नकाशा रंगवताना मी नेमकं तेच उदाहरण घेतलं. एकाच बाईचा उजव्या हाताचा अंगठा मासळी कापताना अडाळीवर कापला आणि उजव्या पायाच्या तळव्यात शिंपला घुसला. अंगठ्याकडची लसिका काखेतल्या गाठींतून उजव्या हाताच्या खोडात आणि तिथून उजव्या कोनात जाते. तळव्याकडची जांघेतल्या गाठी, ओटीपोटातल्या आणि कमरेतल्या गाठी, सिस्टर्ना, पाचव्या मणक्यावरचं वळण असं करत डाव्या कोनात पोचते. दोन्ही जखमा उजव्या अंगाला, पण निचरा दोन बाजूंना.

उजव्या लसिकावाहिनीकडे एवढंच येतं: डोक्याची आणि मानेची उजवी बाजू, उजवा हात, छातीची उजवी बाजू, उजवं फुप्फुस, हृदयाचा काही भाग आणि यकृताच्या वरच्या फुगीर पृष्ठभागाचा थोडा भाग. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातली लसिकाही अनेकदा इकडे वळते. बाकी सगळं शरीर थोरॅसिक डक्टकडे.

रंगवताना सीमारेषेचा विचार करा. तक्त्यांत उजवा रंग बरगड्यांच्या खालच्या कडेला थांबवलेला असतो. आतल्या अवयवांपुरतं ते साधारण ठीक आहे. कातडीचं तसं नाही. पोटावर बेंबीच्या वरच्या कातडीची लसिका काखेकडे जाते, खालच्या कातडीची जांघेकडे. त्यामुळे उजवीकडचा कातडीचा रंग बेंबीपर्यंत उतरायला हवा. मी कातडीसाठी फिकी छटा बेंबीपर्यंत आणि आतल्या भागासाठी गडद छटा श्वासपटलापर्यंत दिली. यकृतावरचा गडद ठिपका श्वासपटलाच्या खाली एकटाच पडतो, तो तसाच ठेवायचा, कारण तिथली लसिका श्वासपटल भेदून वर जाते.

ही उजवी वाहिनी जेमतेम १ सेंटीमीटर लांब. पुष्कळांत ती बनतच नाही, मानेचं, हाताचं आणि छातीचं अशी तिन्ही खोडं वेगवेगळी शिरांत उघडतात. म्हणून उजव्या कोनाचे दोन तुकडे करतोय, खाचेत अदलाबदल करता येतील असे: एकात १ सेंटीमीटरची वाहिनी, दुसऱ्यात तीन सुटी तोंडं. पहिला तुकडा बसला आहे. दुसऱ्यासाठी शिरेला तीन भोकं पाडायची आहेत, ती दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं पाडीन.