दोषी टॅब नव्हताच

आज दुपारी लॅपटॉप इतका रखडला की टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटत होतं. रॅम ८ जीबी. Ctrl+Shift+Esc दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरी ९४ टक्के भरलेली आणि सगळ्यात वर ब्राउझर. पण चौदा टॅबांपैकी नेमका कोणता, हे तिथून कळेना.

क्रोम आणि एजमध्ये ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. ब्राउझरच्या खिडकीत असताना Shift+Esc दाबायचं. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. एका रिपोर्टच्या टॅबने २.१ जीबी घेतली होती. ती ओळ निवडून प्रोसेस बंद केली (त्या टॅबमध्ये अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो जातो, आधी सेव्ह करा). पान पुन्हा उघडलं तर २०० एमबी. हायसं वाटलं, पण आकडा दर मिनिटाला चढतच राहिला.

मग तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडलं. तिथे एक्स्टेंशन्स आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. आकडा २०० वरच स्थिर! म्हणजे गळती एक्स्टेंशनची. एक्स्टेंशनची वेगळी ओळ यादीत होती, तीही जेमतेम ६० एमबीची, म्हणून संशयच आला नव्हता. पण पानात घुसून चालणारा त्याचा कोड टॅबच्याच प्रोसेसमध्ये चालतो, आणि त्याची मेमरी टॅबच्या नावावर पडते.

एकेक एक्स्टेंशन बंद करत गेले. तिसरं, स्क्रीनशॉटचं, बंद केल्यावर आकडा थांबला. ते काढून टाकलंय.