पहिल्या आठवड्यातले तीन किलो

"मॅडम, कीटो सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले. त्यानंतर तीन आठवडे झाले, काटा जागचा हलत नाही. कार्ब अजून कमी करू का?"

नका करू. दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम कार्बवर तुम्ही आहातच, त्याच्या खाली जाऊन हाती काही लागणार नाही. आधी ते तीन किलो कशाचे होते ते पाहू.

एक किलो चरबी जळायची तर साधारण ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. म्हणजे आठवड्यात तीन किलो चरबीसाठी रोज ३,३०० कॅलरींची तूट हवी. तुमच्या वजनाची, दिवसभर बसून काम करणारी बाई चोवीस तासांत खर्चच करते १,८०० ते १,९०० कॅलरी. ती अगदी निर्जळी उपास करून बसली तरी हा हिशेब जमत नाही. तुमची तूट रोज सहाशेची धरली, तर आठवड्यात अर्धा किलोच्या आसपास चरबी गेली. बाकीचं मुख्यतः पाणी. यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, बाळगून असतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात बंद झाला की पहिल्या काही दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंड जास्त मीठ बाहेर टाकतं आणि मिठाच्या मागोमाग पाणी जातं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उठल्यावर गरगरतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं पातळ ताक किंवा भाज्यांचं सूप घेतलं की उतार पडतो.

हेच पाणी परतही येतं. मधेच एखाद्या लग्नात पुरी, मसालेभात आणि जिलेबी झाली की दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो वर दिसतो आणि लोक हाय खातात. एका पंगतीत तेवढी चरबी चढत नाही, रिकामा साठा पुन्हा भरलेला असतो.

आता काटा का थांबला ते. कार्ब पन्नास ग्रॅमच्या खाली गेले की यकृत चरबीपासून कीटोन बनवायला लागतं आणि मेंदूसुद्धा त्यावर चालतो. मात्र ती चरबी पोटावरची आहे की ताटातली, याने यकृताला काही फरक पडत नाही. लघवीच्या पट्टीवर जांभळा रंग आला म्हणजे कीटोन तयार होताहेत, एवढंच कळतं. अंगावरची चरबी कमी होते आहे की नाही, ते पट्टी सांगत नाही. तुमच्या वहीत सकाळच्या कॉफीत दोन मोठे चमचे तूप आहे आणि चार वाजता मूठभर काजू. तुपाचे अडीचशे आणि काजूंचे पावणेदोनशे धरा. सव्वाचारशे कॅलरी इथेच गेल्या, आणि सहाशेची तूट पावणेदोनशेवर आली. पनीर, चीज, खोबरं यांचं माप थोडं सैल झालं की तीही संपते.

कीटोचा खरा उपयोग भूक कमी होण्यात आहे. प्रथिनं आणि चरबी पोटात बराच वेळ राहतात, बिस्किटं-फरसाण आपोआप सुटतं, आणि माणूस न मोजता कमी खातो. वजन उतरतं ते त्यामुळे. २०१८ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी चरबीचा आणि निम्म्यांना कमी कार्बचा आहार वर्षभर दिला होता. एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. हा फरक इतका लहान की दोन्ही आहार सारखेच मानावे लागतात. पण रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेली असतील, तर कमी कार्बचा फायदा खरा आहे आणि तो मी रिपोर्टांमध्ये पाहते.

आपल्या घरांत, त्यातही शाकाहारी घरांत, कडक कीटोची अडचण वेगळी आहे. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईंचं उदाहरण घ्या. वजन ७६ किलो. सकाळी बशीभर पोहे, साखरेचे दोन चहा, डब्यात तीन पोळ्या, घरून नेलेला वरणभात, पाच वाजता चिवडा, रात्री भाकरी आणि पुन्हा भात. पोह्यांचे पंचेचाळीस, तीन पोळ्यांचे साठ, भाकरीचे पस्तीस, असं करत कार्ब पावणेतीनशे ग्रॅमपर्यंत गेले होते, आणि प्रथिनं जेमतेम पंचेचाळीस. त्यांनी कीटो धरलं तेव्हा एका पोळीत दिवसाचा कोटा संपायचा. पोळी-भात सुटला, पण त्याबरोबर वरण, मटकीची उसळ, पिठलं, फुटाणेही सुटले, आणि प्रथिनं तिथूनच तर यायची. राहिलं पनीर. दोनशे ग्रॅम पनीर खाल्लं तर प्रथिनं पस्तीस-चाळीस ग्रॅम मिळतात, पण साडेपाचशेच्या वर कॅलरीही येतात. महिन्याभरात बद्धकोष्ठ झालं, घरात दोन स्वयंपाक करून जीव दमला, आणि तीन महिन्यांनी तपासलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच वर गेलं होतं. एलडीएल सगळ्यांचं वाढत नाही, पण काहींचं खूप वाढतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल केल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही.

त्यांना मी सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम कार्बवर आणलं. सकाळी मूगडाळीची दोन धिरडी आणि दही. दुपारी एकच भाकरी, वाटीऐवजी वाडगाभर मटकीची उसळ आणि भरपूर कोशिंबीर. संध्याकाळी फुटाणे. रात्री एक पोळी, पालेभाजी, शंभर ग्रॅम पनीर. चहा बिनसाखरेचा, भात रविवारी. पहिल्या आठवड्यात काटा फारसा हलला नाही, कारण पाण्याचा साठा तेवढा रिकामा झाला नव्हता. त्यानंतर महिन्याला दीड-दोन किलो उतरू लागले आणि बेंबीपाशी धरलेली टेप दर पंधरवड्याला थोडी आत आली. तुम्हालाही मी हेच सुचवेन. तूप-कॉफी आजच बंद करा, डाळी-उसळी परत आणा, आणि कार्ब परत सुरू झाल्यावर काटा किलो-दीड किलो वर गेला तर घाबरू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती आधी सांगा. मधुमेहाची गोळी चालू आहे का? ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन तसंच चालू ठेवून कार्ब एकदम तोडले तर साखर धोकादायक खाली जाते, डोस डॉक्टरांकडून आधी कमी करून घ्यावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर कीटो करूच नका. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यांच्या जोडीला कार्ब अगदी तुटले तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र बरी दिसते, त्यामुळे घरच्यांना संशय येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, यातलं काही झालं तर साखर किती आहे हे पाहत बसू नका. सरळ कॅज्युअल्टीत जा आणि गोळीचं नाव व "कार्ब बंद आहेत" या दोन्ही गोष्टी तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, म्हणजे ते रक्तातले कीटोन तपासतील.