मावशीची भाग्यरेषा

आज संध्याकाळी दादरला फुलबाजाराजवळ एका हात बघणाऱ्याने मावशीचा हात पाहिला. भाग्यरेषा मनगटाकडून मधल्या बोटाकडे जाते आणि मस्तकरेषेला छेदते तिथे साधारण पस्तिशी धरतात. मावशीची रेषा तिथेच तुटून जरा बाजूने पुन्हा सुरू होते.

"पस्तिशीला घरात मोठा बदल झाला. नंतर सगळं तुम्हीच ओढलंत." मावशीचे डोळे भरले. तिचे यजमान त्याच सुमारास गेले होते.

पण हात घेण्याआधीच त्याने तिचा मोकळा गळा आणि बोटांवरचे घट्टे पाहिले होते. आणि 'मोठा बदल' म्हणजे लग्न, नोकरी, घर, मृत्यू, काहीही. नेमका अर्थ मावशीनेच भरला. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं खास व्यक्तिचित्र म्हणून एकच मजकूर वाटला, तरी त्याला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण मिळाले. हातावरच्या मुख्य घड्या तर जन्माआधी, गर्भातच पडतात.

तरी "तुम्हीच ओढलंत" हे तिला आमच्यापैकी कुणीच कधी म्हटलं नव्हतं. त्याबद्दल मी त्याचे पैसे आनंदाने दिले. शनीसाठी नीलम घ्या म्हणाला, तेव्हा मात्र मावशीला उठवलं.