ओटीजीत अख्खा लसूण भाजायचा माझा अनुभव: तिसऱ्या खेपेला जमला

आमच्याकडे फोंड्याला रोज सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पोई हा गोल गव्हाळ पाव घेऊन येतो आणि गरम पोईला नुसतं लोणी लावलं तरी आमचं घर खूश असतं. पण मागच्या वर्षी धाकट्या दिरांच्या मित्राकडे जेवायला गेलो होतो, तिथे पोईबरोबर भाजलेल्या लसणाचा अख्खा गड्डा ठेवला होता. पाकळी दाबली की आतून मऊ, खमंग, गोड लगदा बाहेर येत होता, तिखटपणाचा मागमूस नाही. माझ्या मुलाने, जो वरणातला लसूण शोधून शोधून ताटाच्या कडेला काढतो, त्याने चार पाकळ्या खाल्ल्या. तेव्हाच ठरवलं, हे घरी जमलं पाहिजे.

आमचा ओटीजी अठ्ठावीस लिटरचा, साधा, तीन बटणांचा. त्यात मी केक करते, कधी पाव गरम करते, बाकी काही नाही. पहिल्यांदा केलं ते असं: बाजारातून आणलेले चार गड्डे, वरचा शेंडा कापला, तेल चोपडलं आणि ट्रेवर उघडेच ठेवून बटण २३० वर आणि टायमर अर्ध्या तासावर. माझा हिशोब असा की चटणीसाठी लसूण तव्यावर मोठ्या आचेवर भाजतो तसाच हा, फक्त ओव्हनमध्ये. वीस मिनिटांत घरभर वास सुटला, छान वाटलं, पण पंचविसाव्या मिनिटाला तोच वास जळकट झाला. काढून बघते तर कापलेली बाजू काळी, सालं कोळशासारखी, आणि पाकळी फोडली तर आत पांढरीफटक आणि करकरीत. खाल्ली तर आधी कडू आणि मग जिभेला झणझणीत. चारही गड्डे टाकून द्यावे लागले.

तेव्हा मला वाटलं फॉइल नव्हतं म्हणून झालं. पुढच्या रविवारी फॉइलमध्ये गुंडाळून, पण परत २३० वरच ठेवले, कारण मनात तेच, जास्त तापलं की लवकर मऊ होईल. पंचेचाळीस मिनिटं ठेवले. या वेळी वरची बाजू बरी होती पण बुडाकडच्या पाकळ्या सालीला चिकटून काळ्या आणि चिवट झालेल्या. ट्रे खालच्या खाचेत होता, म्हणजे रॉडच्या अगदी डोक्यावर. मधल्या दोन-तीन पाकळ्या मात्र बरोबर झाल्या होत्या, अगदी हव्या तशा, आणि त्या खाऊनच कळलं की रस्ता बरोबर आहे, आच चुकतेय.

माझी आत्येबहीण पणजीला बेकरीत काम करते, तिला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या ओव्हनचं बटण खरं बोलतं का गं?" मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, "अगं, लहान ओव्हनचं बटण बऱ्याचदा वीस-पंचवीस डिग्री इकडेतिकडे असतं. आत लटकवायचा थर्मामीटर आण, मग बोल." तो आणला, मधल्या जाळीवर ठेवला, बटण २०० वर करून वीस मिनिटं थांबले. काटा २२५ च्या पुढे. म्हणजे मी २३० समजत होते तेव्हा आत साधारण अडीचशे असणार! नंतर बघितलं तर १७० वर ठेवलं की काटा १९० च्या आसपास राहतो, रॉड लागतो-बंद होतो तसा थोडा खालीवर होतो, पण तेवढं चालतं. आता माझ्या बटणावर १७० च्या जागी पेनने टिंब केलंय.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला सगळ्यात उपयोगी पडली. लसणात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि ते पाणी आत आहे तोवर पाकळीच्या आतलं तापमान शंभराच्या वर फारसं जात नाही, बाहेर तुम्ही १८० ठेवा नाहीतर २५० ठेवा. मऊ व्हायला त्या शंभराजवळच्या वाफेत बराच वेळ राहावं लागतं. आच वाढवली की आतलं शिजणं जेमतेम थोडं लवकर होतं पण बाहेरचं जळणं मात्र भराभर होतं, म्हणून काळी साल आणि कच्चा गाभा. आणि उघडं ठेवलं की पाणी निसटतं आणि पाकळी शिजण्याऐवजी वाळते. फॉइल हे वाफ धरून ठेवायला, बस्स. चकचकीत बाजू आत की बाहेर याने काही फरक पडत नाही, मी दोन्ही करून बघितलं.

तिखटपणा जातो कसा तेही तिने सांगितलं. अख्ख्या पाकळीत तो झणझणीतपणा तयार नसतो, कापलं किंवा ठेचलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येऊन तो तयार होतो. पाकळी न फोडता तापवली की ते काम करणारं एन्झाइम आधीच निकामी होतं, मग नंतर ठेचली तरी ती आग येत नाही. आणि लसणात फळसाखरेच्या लांब साखळ्या असतात, मंद आचेत त्या हळूहळू तुटतात, म्हणून गोडी. दोन्हीला वेळ लागतो. म्हणूनच पाकळ्या सोलून सुट्ट्या नको, गड्डा अख्खाच हवा.

तर तिसऱ्या वेळी जे केलं ते नीट सांगते, आता मी दर वेळी असंच करते.

गड्डे घेताना घट्ट, जड आणि कोंब न आलेले बघून घेते. आपल्याकडे पावसाळ्यात लसूण ओलसर हवेने लवकर कोंबतो, आणि कोंबाचा हिरवा भाग भाजूनही थोडा कडूच लागतो, म्हणून आषाढ-श्रावणात मी गड्डा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. चार मध्यम गड्डे, प्रत्येकी साधारण ४५-५० ग्रॅम. बाहेरची सुटी, फडफडणारी सालं काढायची पण पाकळ्यांना धरून ठेवणारं आतलं साल ठेवायचं. शेंड्याकडून अर्धा-पाऊण सेंटीमीटर कापायचं, एवढंच की बहुतेक पाकळ्यांची तोंडं उघडी दिसावीत. मुळाकडची बाजू अजिबात कापायची नाही, नाहीतर गड्डा सुटतो.

प्रत्येक गड्ड्यावर एक छोटा चमचा तेल, ते पाकळ्यांमध्ये थोडं मुरू द्यायचं, चिमूटभर मीठ. लसूण जुना, वाळका वाटला तर फॉइलमध्ये एक चमचा पाणीही घालते. चारही गड्डे एकाच फॉइलमध्ये, कापलेली बाजू वर, कडा नीट मुडपून बंद. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवलेला, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू, आणि पुडी मधल्या जाळीवर, ट्रेमध्ये. आतलं खरं तापमान १९०.

पंचेचाळीस मिनिटं हात लावायचा नाही. मग फॉइल उघडून मधल्या पाकळीत सुरीचं टोक घालायचं. लोण्यात गेल्यासारखं सरळ गेलं पाहिजे, जरा अडलं तर परत बंद करून दहा मिनिटं. त्या तिसऱ्या वेळी पंचेचाळिसाव्या मिनिटाला टोक मध्येच अडलं, म्हणून पुडी आणखी दहा मिनिटं बंद ठेवली, आणि मग फॉइल उघडं टाकून आठ मिनिटं, फक्त वरचा रंग यायला. हे उघडं ठेवायचं काम शेवटीच करायचं. रंग मधासारखा किंवा फिक्या कॅरॅमलसारखा आला की बंद. नंतर एकदा ऐन पावसात पस्तिसाव्या मिनिटाला लाईट गेली होती, तेव्हा मी दार उघडलंच नाही, ओव्हन पंचवीस मिनिटं तसाच गरम राहिला आणि लाईट आल्यावर पंधरा मिनिटं दिली तर छान झाला.

कच्चा राहिलाय की झालाय हे रंगापेक्षा दाबून कळतं. हातात कपडा घेऊन गड्डा बाजूने हलकेच दाबायचा, पिकलेल्या चिकूसारखा दबला तर झाला. पाकळी पिळल्यावर अख्खीच, आकारात बाहेर आली आणि रंग दुधी असेल तर अजून वेळ हवा. लगद्यासारखी आली की बरोबर. आणि सालीला चिकटून गडद तपकिरी, ताणली जात असेल तर जास्त झालंय, ती कडू लागते, ती मी सरळ काढून टाकते.

लहान गावठी गड्डे असतील, वीस-पंचवीस ग्रॅमचे, तर पस्तीस-चाळीस मिनिटांतच बघायला सुरुवात करा. मोठ्या पाकळ्यांचे ७०-८० ग्रॅमचे गड्डे असतील तर सव्वा तासापर्यंत जातं.

सांबार कांदेही याच पद्धतीने केले, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले. ते सालासकट, मूळ न कापता, नुसतं तेल चोळून, फॉइलने सैल झाकून, तेच १९०, पण पस्तीस-चाळीस मिनिटं. बुडाशी तपकिरी, चिकट रस पाझरलेला दिसला की समजायचं झाले. साल काढताना मुळाकडून दाबलं की कांदा सुळकन बाहेर येतो. लसणापेक्षा जास्त गोड लागतात, मला मात्र लसूणच जास्त आवडला.

आता एक गोष्ट, जी मी स्वतः चुकले. उरलेल्या पाकळ्या मी बाटलीत तेलात बुडवून ओट्यावर ठेवल्या, आमचं कैरीचं लोणचं, मिस्कूट, नाही का महिनोन्‌महिने बरणीत टिकत, त्याच विचाराने. नणंद आल्या होत्या, त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात, बघितल्यावर म्हणाल्या, "वहिनी, हे टाकून द्या आधी." मिस्कुटात मीठ आणि आंबटपणा असतो म्हणून ते टिकतं. भाजलेल्या लसणात दोन्ही पुरेसं नाही, आणि तेलाखाली हवा लागत नाही, त्यात बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि वास, चव काहीच बदलत नाही. भाजून ते जंतू पूर्ण मरतातच असं नाही. म्हणून आता गार झाला की लगेच डब्यात घालून फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवायचा. जास्त झाला तर लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा घालून फ्रीजरला टाकते. वरणाला फोडणी देताना एक घन टाकला की पुरतो, आणि मुलगा आता ताटाच्या कडेला काही काढून ठेवत नाही.