बुडबुडा

"सिरिंज आणि नळीसाठी निधी, सर?" मॅडमनी माझं पत्र बाजूला सरकवलं.

विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल सोबतच होतं. 5 आणि 20 मिलीच्या दोन सिरिंज, मधे पाण्याची नळी. मॅडमनी लहान दट्ट्या दाबला. मोठ्यावर ठेवलेलं जाड पुस्तक जागचं हललं नाही. फजिती!

नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता. पाणी जवळजवळ दबतच नाही, हवा दबते, मग दट्ट्याची हालचाल तिथेच जिरते. बादलीत बुडवून पुन्हा भरलं. आता पुस्तक उचललं गेलं, पण जेमतेम.

"एवढंच?"

"मोठ्या दट्ट्यावर जोर वाढला की त्याचं अंतर घटतं, मॅडम."

त्यांनी पत्र परत ओढलं. "नळी पारदर्शकच का हवी?"

आत्ताच तर पाहिलंत ना?