बाहेर जाणारी चौकट आणि उलटा बाण

आज बारावीच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका परत दिल्या. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या प्रश्नात ईएमएफ बरोबर, विद्युतधारा बरोबर, एककेही बरोबर, आणि चौकटीवर काढलेला धारेच्या दिशेचा बाण मात्र उलटा, अशी उत्तरे बरीच निघाली. दिशेचा गुण मी दिला नव्हता. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिका घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आकडे सगळे बरोबर आहेत. फक्त ऋण चिन्ह राहिले. चिन्ह तर आपणच ठरवतो ना?" तिचा प्रश्न गुणासाठी घातलेली हुज्जत नव्हती. त्यात अर्धे सत्य होते, म्हणून तो घरी येईपर्यंत डोक्यात राहिला आणि आता इथे लिहून काढते आहे.

प्रश्न साधाच होता. कागदाच्या प्रतलाला लंब, कागदाच्या आत जाणारे ०.५ टेस्लाचे एकसमान चुंबकीय क्षेत्र आहे. त्यात तांब्याच्या तारेची १० सेंटिमीटर बाजूची चौरस चौकट आहे, तिचा एकूण रोध ०.५ ओहम आहे, आणि ती सेकंदाला २ मीटर या स्थिर वेगाने उजवीकडे, क्षेत्राच्या बाहेर ओढली जात आहे. उजवी बाजू क्षेत्राच्या कडेपलीकडे गेली आहे, डावी अजून आत आहे. क्षेत्र, बाजू आणि वेग यांचा गुणाकार केला की ईएमएफ ०.१ व्होल्ट येतो आणि त्याला रोधाने भागले की धारा ०.२ अँपिअर येते. इथपर्यंत कोणाचीच गाडी अडली नाही.

दिशेसाठी तिने लिहिलेला विचार असा होता: चौकटीतून आत जाणारा फ्लक्स कमी होत आहे, म्हणजे फ्लक्समधील बदल कागदाच्या बाहेरच्या दिशेने आहे, म्हणून उजव्या हाताचा अंगठा कागदाबाहेर धरला, बोटे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने वळली, आणि तोच बाण काढला. पहिली दोन विधाने निर्दोष आहेत. चूक "म्हणून" या शब्दाशी झाली. बदल ज्या दिशेला आहे त्याच दिशेला तिने प्रवर्तित धारेचे क्षेत्र धरले, म्हणजे धारा बदलाला साथ देते असे मानले. लेन्झचा नियम नेमके उलट सांगतो: आत जाणारा फ्लक्स कमी होत असेल तर प्रवर्तित धारा आत जाणारे क्षेत्र निर्माण करून ती घट भरून काढू पाहते. त्यासाठी अंगठा कागदाच्या आत धरावा लागतो आणि धारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहते.

आता तिच्या अर्ध्या सत्याकडे येते. e = −dΦ/dt या सूत्रातील ऋण चिन्ह एका संकेतावर उभे आहे हे खरेच आहे. चौकटीच्या क्षेत्रफळाचा लंब कोणत्या बाजूला धन मानायचा हे आपण ठरवतो आणि त्यावरून चौकटीभोवती फिरण्याची धन दिशा उजव्या हाताने ठरते. लंब कागदाच्या आत धरला तर फ्लक्स धन असतो, तो घटतो, म्हणून e धन येतो. आत धरलेल्या लंबासाठी धन दिशा घड्याळाच्या काट्यांची आहे, म्हणून धाराही तशीच वाहते. लंब बाहेर धरला तर फ्लक्स ऋण असतो आणि तो शून्याकडे वाढत जातो, म्हणून e ऋण येतो. पण आता धन दिशा काट्यांच्या विरुद्ध आहे, आणि विरुद्ध दिशेतील ऋण म्हणजे पुन्हा काट्यांचीच दिशा. संकेत बदलला की चिन्ह बदलते, तारेतील धारा मात्र बदलत नाही. ऋण चिन्हच गाळले तर लंब कोणताही धरा, दोन्ही वेळा चुकीचीच दिशा मिळते. त्यामुळे राहून गेलेले चिन्ह हे संकेताच्या निवडीचे नव्हते, निसर्गाच्या वागण्याचे होते.

हे तिला सांगितल्यावर तिने विचारले, "पण विरोधच का? साथ दिली असती तर काय बिघडले असते?" मला वाटते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, आणि आम्ही शिक्षक बहुधा त्यावरून "ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे" एवढे दोन शब्द टाकून पुढे जातो. म्हणून तिच्याच उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर तिचेच आकडे घेऊन हिशेब मांडला.

क्षेत्रात फक्त डावी बाजू आहे, त्यामुळे ओढण्याच्या दिशेतील बल तिच्यावरच विचारात घ्यायचे. वरच्या आणि खालच्या बाजूंच्या आत असलेल्या भागांवरील बले एकमेकांना रद्द करतात. धारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असेल तर डाव्या बाजूत ती वरच्या दिशेने वाहते आणि आत जाणाऱ्या क्षेत्रामुळे तिच्यावरील बल डावीकडे, म्हणजे गतीच्या विरुद्ध येते. त्याचे मूल्य ०.५ गुणिले ०.२ गुणिले ०.१, म्हणजे ०.०१ न्यूटन. वेग स्थिर ठेवायचा तर हाताला तेवढेच बल उजवीकडे लावावे लागते. चौकट १० सेंटिमीटर सरकून पूर्ण बाहेर पडेपर्यंत हात ०.००१ ज्यूल कार्य करतो. तिकडे तारेत ०.०२ वॅट या दराने उष्णता निर्माण होते, आणि बाहेर पडायला ०.०५ सेकंद लागतात, म्हणजे उष्णताही ०.००१ ज्यूल. हाताने दिले तेवढेच तारेने तापून संपवले. हिशेब जुळला.

आता तिचा बाण खरा मानू. धारा डाव्या बाजूत खाली वाहील आणि बल उजवीकडे, गतीच्या दिशेने येईल. वेग स्थिर ठेवायला हाताला चौकट ओढावी लागणार नाही, उलट मागे धरून ठेवावी लागेल; म्हणजे चौकटच हाताला ०.००१ ज्यूल देईल. तार तर आधीइतकीच तापेल, कारण उष्णतेला धारेच्या दिशेशी देणेघेणे नसते. कोणी काहीही न देता ०.००२ ज्यूल निर्माण झाले. आणि हात सोडला तर चौकट आपणहून वेग घेईल, वेगाने धारा वाढेल, धारेने बल वाढेल, आणि क्षेत्र पुरेसे लांब पसरत बाहेरच्या दिशेने कमी होत गेलेले असेल तर हे असेच चालू राहील. तिने पान माझ्याकडून घेतले, हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी महावितरण बंद पाडले." मुंबईच्या मुलीने महावितरणचे नाव का घ्यावे हे मला कळले नाही, पण मुद्दा तिला कळला होता.

लेन्झने हा नियम १८३४ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा आधार त्याच्याजवळ आजच्या रूपात नव्हता. हेल्महोल्ट्झचा त्यावरील निबंध १८४७ चा आहे. फॅरडेने १८३१ मध्ये प्रवर्तन शोधले होते, पण दिशा एकाच सूत्रात बांधणारे विधान लेन्झचे. त्याने ते फ्लक्सच्या भाषेत मांडलेही नव्हते. त्याचा रोख असा होता की वाहक हलवल्याने जी धारा निर्माण होते, ती बाहेरून सोडली असती तर तिने त्या वाहकाला उलट्या दिशेने हलवले असते. मला ही मांडणी पाठ्यपुस्तकातील फ्लक्सच्या मांडणीपेक्षा विद्यार्थ्यांसाठी सोपी वाटते, निदान जिथे काहीतरी प्रत्यक्ष हलते आहे तिथे. काहीच हलत नसेल, उदाहरणार्थ शेजारच्या वेटोळ्यातील धारा बटण दाबून बंद केली असेल, तेव्हा फ्लक्सकडेच जावे लागते.

विरोध म्हणजे अडवून धरणे नव्हे, हेही तिच्याशी बोलताना स्पष्ट करावे लागले. चौकट बाहेर जातेच, फ्लक्स घटतोच. धारा फक्त त्या घटीची किंमत वसूल करते. चौकटीला एका जागी कापून फट ठेवली तर ०.१ व्होल्ट ईएमएफ तरीही असतो, पण बंद मार्ग नसल्याने टिकणारी धारा नाही, आणि म्हणून जाणवणारा विरोधही नाही. संध्याकाळी परळहून घरी येताना गाडीने ब्रेक लावले तेव्हा हेच आठवत होते: लोकलच्या नव्या गाड्यांत ब्रेक लावताना मोटारी जनित्र म्हणून चालतात, वीज वरच्या तारेत परत जाते, आणि ती वीज घेतली जाते म्हणूनच गाडीला ओढ बसते.

उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्यावर एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. उलटा बाण काढणाऱ्यांचे दोन गट आहेत. एका गटाने, तिच्याप्रमाणे, विरोध गाळला. दुसऱ्या गटाने विरोध लक्षात ठेवला, पण तो बदलाला न लावता मूळ क्षेत्राला लावला: क्षेत्र आत आहे, म्हणून प्रवर्तित क्षेत्र बाहेर, म्हणून धारा काट्यांच्या विरुद्ध. चौकट बाहेर जात असताना या दोन्ही चुकांतून अगदी तोच बाण निघतो, त्यामुळे नुसता बाण पाहून कोण कुठे घसरले हे सांगता येत नाही. चौकट क्षेत्रात शिरत असेल तर मात्र ते वेगळे होतात. आत जाणारा फ्लक्स तेव्हा वाढत असतो, खरी धारा काट्यांच्या विरुद्ध असते. क्षेत्राला विरोध करणाऱ्याचे उत्तर योगायोगाने बरोबर येते आणि विरोध गाळणाऱ्याचे इथेही चुकते. वर्गात मी नेहमी चुंबक जवळ आणण्यापासूनच सुरुवात करते, त्यामुळे दुसऱ्या गटाची चुकीची समजूत तिथे बिनबोभाट पास होत असणार.

तिचा गुण बदलला नाही. पुढच्या चाचणीत तीच चौकट देणार आहे, पण आधी शिरताना, मग पूर्ण आत असताना आणि शेवटी बाहेर पडताना, आणि प्रत्येक वेळी धारेच्या बाणाबरोबर क्षेत्रातील बाजूंवरील बलाचाही बाण मागणार आहे. मधल्या टप्प्यात फ्लक्स बदलतच नाही, तेव्हा तिथे धारा काढणाऱ्यांचा तिसरा गटही सापडेल असा माझा अंदाज आहे.